क्वालिटीचे साहेब निवृत्त होताहेत, नव्या मॅडम येताहेत: सूचना कशी लिहायची?

प्रश्न: आमचा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे, मी एचआरमध्ये आहे. क्वालिटीचे प्रमुख २१ वर्षांच्या नोकरीनंतर ३१ डिसेंबरला निवृत्त होताहेत. १ जानेवारीला बाहेरच्या कंपनीतून नव्या मॅडम येताहेत. त्याच दिवसापासून इनकमिंग इन्स्पेक्शनचे ६ जण मटेरियल्सकडे जाणार आणि मेंटेनन्सकडची कॅलिब्रेशन रूम, २ टेक्निशियनसह, क्वालिटीकडे येणार. डेप्युटी मॅनेजरना आपलाच नंबर लागेल असं वाटत होतं. डायरेक्टरसाहेब म्हणतात, "एक मेल टाकून द्या." जुन्या साहेबांचा मान राहील आणि कोणी कोणाला रिपोर्ट करायचं हे सगळ्यांना कळेल, असं कसं लिहू?

उत्तर:

तुमच्या हातात एक नाही, दोन बातम्या आहेत. माणूस बदलतोय ही एक, आणि विभागाची रचना बदलतेय ही दुसरी. दोन्ही एकाच तारखेला लागू झाल्या की लोक त्यांची सांगड आपापली घालतात. "मॅडम आल्या आणि पहिल्याच दिवशी इनकमिंग तोडलं," हे वाक्य कँटीनमध्ये ऐकू येणारच. निर्णय डायरेक्टरसाहेबांनी कधीचा घेतलेला असतो, पण तो चिकटतो नव्या माणसाला, आणि मग त्यांचे पहिले काही महिने न केलेल्या गोष्टीचा खुलासा देण्यात जातात.

म्हणून मजकुराला हात घालण्याआधी डायरेक्टरसाहेबांशी एवढंच बोला: रचनेतला बदल १५ डिसेंबरपासून लागू करता येईल का? जुने साहेब खुर्चीवर असताना इनकमिंगची माणसं मटेरियल्सकडे गेली, तर साहेब स्वतः त्यांना बोलावून समजावतील, कागदपत्रं आणि प्रलंबित लॉट सोपवतील. काही अडलं तर दोन आठवडे ते हाताशी आहेत. नव्या मॅडम येतील तेव्हा विभाग जसा आहे तसाच त्यांच्या हाती येईल. मी ज्या ज्या ठिकाणी हा क्रम लावून घेतला, तिथे कुरबुर स्पष्टपणे कमी झाली. तारीख हलत नसेल, तर मग सूचनेत निर्णय कोणाचा हे डायरेक्टरसाहेबांच्या सहीने लिहिलेलं हवं, आणि त्या परिच्छेदात मॅडमचं नाव निर्णय घेणारी म्हणून कुठेही येता कामा नये.

आता कोणाला आधी सांगायचं ते. तुमच्या प्रकरणात सगळ्यात नाजूक जागा डेप्युटी मॅनेजर. त्यांना ही बातमी मेलवरून कळली तर पुढचं सगळं लिखाण वाया गेलं असं समजा. त्यांना सूचनेच्या किमान एक दिवस आधी डायरेक्टरसाहेबांनी स्वतः केबिनमध्ये बोलवावं, एचआरने नाही. त्या बैठकीत तीन गोष्टी सांगायच्या: बाहेरचा माणूस का घेतला याचं खरं कारण, त्यांच्या सध्याच्या अधिकारांपैकी काय तसंच राहतंय, आणि पुढच्या बढतीचा विचार कधी होईल. तिसऱ्या गोष्टीबद्दल ठोस काही नसेल तर आश्वासन देऊ नका. "बघू, तुमचं नक्की करू" हे वाक्य माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

त्यानंतर इनकमिंगचे ६ जण, त्यांचे नवे वरिष्ठ म्हणजे मटेरियल्सचे प्रमुख, आणि कॅलिब्रेशनचे २ टेक्निशियन. यांना समोरासमोर, एकाच दिवशी. मग पूर्ण क्वालिटी विभाग, आणि त्याच दिवशी बाकीचा कारखाना. हे सगळं एका दिवसात बसवायचं, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत व्हॉट्सॲपवर त्याची वेगळीच आवृत्ती फिरायला लागते. आणखी एक गोष्ट हमखास राहते ती म्हणजे रात्रपाळी. मेल सकाळी ११ वाजता जातो. लाइनवरच्या बहुतेकांना कंपनीचा मेल आयडी नसतो, आणि रात्रपाळीचा इन्स्पेक्टर संध्याकाळी गेटवर वॉचमनकडून ऐकतो. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं काही मिनिटं एकत्र असतात. सूचना तिथे उभ्याउभ्या वाचून दाखवा, तिन्ही पाळ्यांना, आणि मग बोर्डावर लावा.

जुन्या साहेबांच्या परिच्छेदाकडे येऊ. इथे आपल्याकडे एक ठरलेली भाषा आहे: "त्यांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी भरून न निघणारी आहे", "त्यांची उणीव सदैव भासेल", "त्यांचे योगदान अमूल्य आहे". ही वाक्यं लिहू नका. एक तर ती शोकसभेत शोभतात, आणि साहेब तर चांगले धडधाकट आहेत. दुसरं म्हणजे पोकळी भरून निघणार नाही असं लिहून पुढच्याच ओळीत ती भरायला आलेल्या बाईंचं स्वागत कसं करणार? तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ही वाक्यं कुठल्याही माणसाला चालतात, म्हणून २१ वर्षं दिलेल्या माणसाच्या हाती त्यातून काहीच पडत नाही.

त्याऐवजी दोन-तीन जुन्या सुपरवायझरना विचारा: साहेबांनी सुरू केलेलं असं काय आहे, जे आज त्यांचं नाव न घेता रोज चालतं? उत्तरं पटकन येतात. एक सांगेल, रिजेक्ट झालेला माल कुलूपबंद लाल पेटीतच जाणार, हा नियम त्यांनी आणला. दुसरा सांगेल, सकाळची रिजेक्शन मीटिंग त्यांनी ऑफिसातून उचलून लाइनवर आणली, सुटा भाग हातात घेऊन बोलायचं म्हणून. तिसरा सांगेल, मी आयटीआय करून शिकाऊ म्हणून आलो होतो, गेज कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं, आज मी पाळी सांभाळतो. असे तीन मुद्दे मिळाले की परिच्छेद झाला. विशेषणं लागतच नाहीत.

यात दोन पथ्यं आहेत. पहिलं, सगळं श्रेय एकाच्या पदरात घालू नका. "त्यांच्यामुळेच कंपनीला प्रमाणपत्र मिळालं" असं लिहिलंत की त्या ऑडिटसाठी रात्री जागलेले दहा जण दुखावतात, आणि त्यात डेप्युटी मॅनेजरही असतात. "त्यांच्या देखरेखीखाली विभागाने" असं लिहा. दुसरं, हा परिच्छेद साहेबांना आधी वाचायला द्या. ते एखादी तारीख दुरुस्त करतील, एखाद्या सहकाऱ्याचं नाव घालायला सांगतील. ते नाव जरूर घाला.

मान बहुतेक वेळा जुन्या साहेबांच्या परिच्छेदात जात नाही, तो नव्या माणसाच्या परिच्छेदात जातो. एका कारखान्यात सूचनेत निरोपाचा मजकूर उत्तम होता, पण खाली नव्या प्रमुखांबद्दल लिहिलं होतं की ते "विभागात व्यावसायिक शिस्त आणतील". विभागातल्या प्रत्येकाने ते असं वाचलं की आजवर इथे शिस्त नव्हती. निवृत्त होणारे गृहस्थ निरोप समारंभाला आले, शाल-श्रीफळ घेतलं आणि दोन वाक्यं बोलून बसले. "नव्या उंचीवर नेतील", "आधुनिक पद्धती आणतील", "कायापालट", "नवी दृष्टी" या सगळ्यांचा अर्थ तोच लागतो. नव्या मॅडमबद्दल त्यांनी आधी कुठलं काम केलं, इथे त्या काय सांभाळणार आणि पहिले काही आठवडे काय करणार, एवढंच लिहा. भविष्यकाळातली स्तुती काढून टाका. त्यांनाही ते बरंच पडतं, कारण पहिल्या दिवसापासून मोठ्या अपेक्षांचं ओझं खांद्यावर येत नाही.

आता रिपोर्टिंग. "सदर बदलानुसार इनकमिंग विभाग मटेरियल्सच्या अखत्यारीत येईल", असं लिहून बहुतेक सूचना संपतात. वाचणाऱ्याच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. माझी रजा कोण मंजूर करणार? ओव्हरटाइमच्या चिठ्ठीवर सही कोणाची? डिसेंबरात मंजूर झालेली जानेवारीची रजा चालेल ना? माझं अप्रेझल कोण लिहिणार, जे मला तीन महिने ओळखतात ते की जे दहा वर्षं ओळखतात ते? या प्रश्नांची उत्तरं सूचनेतच द्यायची, आणि ती देता येत नसतील तर सूचना काढायची वेळ अजून आलेली नाही.

यातला अप्रेझलचा प्रश्न मार्चमध्ये पेटतो. तुमचं वर्ष एप्रिल ते मार्च असेल तर त्यातले नऊ महिने जुन्या साहेबांच्या हाताखाली गेलेत. ३१ डिसेंबरपूर्वी प्रत्येकाचं नऊ महिन्यांचं मूल्यमापन त्यांच्याकडून लेखी घ्या, संबंधिताला दाखवून त्याची सही घ्या आणि फाइल एचआरकडे ठेवा. नंतर निवृत्त माणसाला फोन करून "तो कसा होता हो?" असं विचारून भरलेला फॉर्म कोणालाच पटत नाही. सूचनेत हे एका ओळीत सांगितलं तरी निम्मी धाकधूक जाते.

तुमच्या बाबतीत मात्र एक मुद्दा रजा-अप्रेझलपेक्षा वजनदार आहे. इनकमिंगचा इन्स्पेक्टर आता ज्यांच्या हाताखाली जातोय, त्यांचं काम माल वेळेवर आणून लाइन चालू ठेवणं हे आहे. पुरवठादाराचा लॉट मापात बसत नाही आणि लाइन दोन तासांत रिकामी होणार आहे, अशा वेळी तो लाल टॅग लावायला कचरेल, कारण त्याची रजा, त्याचं इन्क्रिमेंट आता मटेरियल्सच्या हातात आहे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांना लागू असणाऱ्या आयएटीएफ १६९४९ या मानकात, कलम ५.३.२ मध्ये, ज्यांच्यावर मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी आहे त्यांना उत्पादन आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक पाळीत अशी जबाबदारी असलेला माणूस हजर हवा, असं म्हटलं आहे. मानकाचं नाव सूचनेत घालायची गरज नाही. पण लॉट रोखण्याचा अधिकार इन्स्पेक्टरकडेच राहील, आणि रोखलेला लॉट सोडण्याचा निर्णय फक्त क्वालिटीचाच असेल, हे शब्दांत उतरलं पाहिजे. हे वाक्य घालायला मटेरियल्सचे प्रमुख नाखूश असतील तर ती चर्चा आत्ताच होऊ द्या. जानेवारीत गेटवर ट्रक उभा असताना ती करायला कोणाला सवड नसते.

काही जण इथे "प्रशासकीयदृष्ट्या मटेरियल्सला, कार्यात्मकदृष्ट्या क्वालिटीला" असं लिहून मोकळे होतात. तक्त्यात ती तुटक रेषा छान दिसते, पण इन्स्पेक्टरला तिचा अर्थ लागत नाही. त्यापेक्षा कामाचं नाव घ्या: रजा यांच्याकडे, पाळी यांच्याकडे, लॉटचा निर्णय त्यांच्याकडे.

हे सगळं धरून मजकूर साधारण असा होईल. तारीख आधी हलवता आली तर तिसरा आणि चौथा परिच्छेद १५ डिसेंबरच्या स्वतंत्र सूचनेत जाईल. कारणाची जागा मी समजून भरली आहे, तुमचं जे खरं कारण असेल ते तिथे लिहा.

"सर्व सहकाऱ्यांस,

क्वालिटी विभागाचे प्रमुख श्री. (नाव) ३१ डिसेंबर रोजी निवृत्त होत आहेत. १ जानेवारीपासून श्रीमती (नाव) क्वालिटी विभागाच्या प्रमुख म्हणून काम पाहतील.

श्री. (नाव) २१ वर्षे आपल्यासोबत आहेत. रिजेक्ट माल कुलूपबंद पेटीत ठेवण्याची पद्धत आणि लाइनवर होणारी सकाळची रिजेक्शन मीटिंग त्यांनी सुरू केली, आणि दोन्ही पुढेही तशाच चालतील. आज पाळी सांभाळणारे आपले अनेक सहकारी त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून तयार झाले. श्रीमती (नाव) यांनी याआधी (काम) सांभाळले आहे. जानेवारीत त्या तिन्ही पाळ्यांमध्ये प्रत्येक लाइनवर येऊन सर्वांना भेटतील. डेप्युटी मॅनेजर श्री. (नाव) यांच्याकडील जबाबदाऱ्या आणि सह्यांचे अधिकार आहेत तसेच राहतील.

याच तारखेपासून दोन बदल होत आहेत. पुरवठादारांच्या तक्रारींचा पाठपुरावा दोन विभागांत विभागला गेल्याने उत्तर यायला वेळ लागत होता, म्हणून हा निर्णय मी घेतला आहे. इनकमिंग इन्स्पेक्शनचे ६ सहकारी रोजचे काम, पाळी, रजा आणि ओव्हरटाइमसाठी मटेरियल्सच्या प्रमुखांना रिपोर्ट करतील. लॉट रोखण्याचा अधिकार पूर्वीप्रमाणे इन्स्पेक्टरकडेच राहील. रोखलेला लॉट सोडण्याचा निर्णय फक्त क्वालिटी विभाग घेईल. गेजची सर्व कामे एका ठिकाणी यावीत म्हणून कॅलिब्रेशन रूमचे २ सहकारी मेंटेनन्सऐवजी क्वालिटी विभागाच्या प्रमुखांना रिपोर्ट करतील.

कोणाचाही पगार, पद, पाळीभत्ता किंवा सेवाकाळ बदलत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत मंजूर झालेल्या रजा कायम आहेत. एप्रिल ते डिसेंबरचे मूल्यमापन सध्याचे प्रमुख लेखी पूर्ण करतील, जानेवारी ते मार्चचे नवे प्रमुख करतील. शंका असल्यास एचआरमध्ये यावे.

(डायरेक्टरांची सही)"

"मी घेतला आहे" हे तीन शब्द मजकूर तपासताना कोणीतरी खोडून "व्यवस्थापनाने घेतला आहे" असं करेल. ते तसेच राहतील याची काळजी घ्या. पगार आणि पद बदलत नाही ही ओळही नको असं कोणी म्हणेल, कारण ते तर उघडच आहे. लाइनवर ते उघड नसतं. विभाग बदलला की भत्ता जातो, अशी भीती पहिल्या पाच मिनिटांत येते.

सूचनेसोबत पडद्यामागचं एक काम त्याच दिवशी झालं पाहिजे: हजेरी-रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये मंजुरी देणाऱ्याचं नाव बदलणं. सूचनेत एक नाव आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरं असेल तर लोक सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवतात. १ जानेवारीला सकाळी इनकमिंगच्या एकाला अर्ध्या दिवसाची रजा टाकून बघायला सांगा. ती निवृत्त साहेबांच्या लॉगिनमध्ये जाऊन पडली, तर बाकी पाच जणांचीही तिथेच पडणार आहे. जबाबदाऱ्यांचा तक्ता, डेव्हिएशनवर सही करणाऱ्यांची यादी आणि गेज देण्या-घेण्याच्या रजिस्टरवरचं नाव हेही त्याच दिवशी बदला. ऑडिटर सूचना बघत नाही, तो हे कागद बघतो.

निवृत्तीनंतर साहेबांना सल्लागार म्हणून काही महिने ठेवायचं चाललं असेल, तर ते सूचनेत लपवू नका. किती काळ, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या विनंतीवरून ते येतील ते लिहा, आणि ते माल सोडण्याची, रजेची किंवा डेव्हिएशनची सही करणार नाहीत हेही लिहा. त्यांची जुनी केबिन त्यांना देऊ नका. हे कठोर वाटेल, पण साहेब त्या खुर्चीत दिसले की माणसं २१ वर्षांच्या सवयीने तिकडेच वळतात, आणि त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. मीटिंग रूममध्ये, ठरलेल्या दिवशी, मॅडमच्या बोलावण्यावरून ते आले तर दोघांचाही मान राहतो.

सूचना पोचली की नाही हे पहिल्या दोन आठवड्यांत कळतं. कोणाच्या तोंडी काय आहे त्यापेक्षा लाइन अडली की फोन कोणाला जातो ते बघा. इनकमिंगचा इन्स्पेक्टर वादातला लॉट घेऊन अजून डेप्युटी मॅनेजरकडे जात असेल तर ते ठीकच आहे, निर्णय क्वालिटीचाच आहे. पण रजेसाठीही तो तिकडेच जात असेल तर त्याला वाचून दाखवलेलं समजलेलं नाही, त्याच्याशी पुन्हा बसा. आणि रोखलेल्या लॉटची नोंद अचानक शून्यावर आली, तर मालाचा दर्जा सुधारला असं लगेच धरू नका. त्या सहा जणांना एकेकटं भेटून विचारा की टॅग लावताना कोणी अडवतंय का.

ग्राहक कंपन्यांना आणि पुरवठादारांना कळवायचं पत्र वेगळं काढा. ते आतली सूचना निघाल्यावरच जाऊ दे, पण ३१ डिसेंबरच्या आधी. त्यात रचनेतला बदल सांगायची गरज नाही. नवं नाव, फोन, मेल, आणि चालू तक्रारींपैकी कोणती कोणाकडे आहे, एवढं पुरे. शक्य असेल तर त्यावर सही जुन्या साहेबांची घ्या. ग्राहकाच्या माणसाने वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोलणं केलं, त्यांनीच "आता यांच्याशी बोला" असं लिहिलं, की मॅडमचा पहिला फोन लगेच उचलला जातो.